हिस्टेरेसिस लूप स्क्रीनवर काढा आणि मगच कोअर किंवा मॅग्नेट निवडा

हिस्टेरेसिस लूपची आकृती बारावीत सगळ्यांनीच काढलेली असते. मऊ लोखंडाचा लूप अरुंद आणि पोलादाचा रुंद, म्हणून ट्रान्सफॉर्मरला पहिलं आणि कायम चुंबकाला दुसरं, एवढं पाठही असतं. अडचण पुढे येते. ‘रिटेंटिव्हिटी जास्त म्हणजे चुंबक चांगला’ हे गृहीत धरून कोणी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीचा चुंबक करायला जातो आणि तो टाचणीसुद्धा धड उचलत नाही. पट्टीची रिटेंटिव्हिटी तर १.३ टेस्लाच्या आसपास असते, फेराइट चुंबकाच्या तिप्पट. मग असं का होतं? हे कळायला एकदा खरा लूप स्क्रीनवर काढून मोजावा. दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर बाकीचं सामान पुण्याच्या तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतं.

आधी दोन शब्द लोखंडाच्या आत काय चालतं त्याबद्दल. लोहचुंबकीय पदार्थात अणूंचे चुंबक छोट्या छोट्या प्रदेशांत एकाच दिशेला वळलेले असतात. हे प्रदेश म्हणजे डोमेन. बाहेरून क्षेत्र लावलं की सोयीच्या दिशेचे डोमेन वाढतात, म्हणजे त्यांच्या सीमा सरकतात. या सीमा अशुद्धीच्या कणांवर, स्फटिकांच्या कडांवर, धातूत राहिलेल्या ताणावर अडकतात आणि झटक्याने सुटतात. म्हणून क्षेत्र काढून घेतलं तरी चुंबकत्व पूर्ण शून्यावर परत येत नाही. बाहेरून लावलेलं क्षेत्र म्हणजे एच, आणि पदार्थातलं एकूण चुंबकीय क्षेत्र म्हणजे बी. एच शून्य असताना उरलेलं बी म्हणजे रिटेंटिव्हिटी. ते उरलेलं बी शून्यावर आणायला उलट दिशेने जेवढं एच लावावं लागतं ती कोअर्सिव्हिटी. आणि दर फेरीला सीमा ओढण्यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तेच लूपचं क्षेत्रफळ.

सामान आणि गुंडाळी

नमुना म्हणून रिंगच्या आकाराचा कोअर घ्या, ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या, म्हणजे ईआय पट्ट्यांचा नको. कारण पुढे येईलच. जुन्या अँप्लिफायरमधला टोरॉइड ट्रान्सफॉर्मर जुन्या बाजारात भंगारात सापडतो; त्याची तार उलगडली की आत सीआरजीओ, म्हणजे कण लाटण्याच्या दिशेला वळवलेल्या सिलिकॉन पोलादाच्या पट्टीची घट्ट गुंडाळलेली रिंग मिळते. तार उलगडूनच काढा. छिन्नी-हातोडा चालवलात तर पट्टीत ताण बसतो आणि कोअर्सिव्हिटी वाढते. तो ताण काढायला साधारण ८०० अंशांची अनीलिंग भट्टी लागते, घरी ते जमण्यासारखं नाही.

पुढचे आकडे एका ठरावीक मापासाठी आहेत: बाहेरचा व्यास ६० मिमी, आतला ४०, उंची २०. सरासरी व्यास ५० मिमी, म्हणून चुंबकीय मार्गाची लांबी ०.१५७ मीटर. छेद १० × २० म्हणजे २०० चौरस मिमी. पण पट्ट्यांमध्ये इन्सुलेशनचा थर असतो, त्यामुळे खरं लोखंड साधारण ९५ टक्के, म्हणजे १९० चौरस मिमी धरा. तुमची रिंग वेगळ्या मापाची असेल तर हे दोन आकडे बदलायचे, बाकी रीत तीच.

रिंगच्या कडा बारीक कानशीने घासून त्यावर कापडी किंवा पॉलिएस्टर टेपचे दोन थर द्या. कडेवर तारेचं एनॅमल खरवडलं गेलं तर दोन वेढे कोअरमार्फत शॉर्ट होतात, आणि हा दोष नंतर शोधताना नाकी नऊ येतात. आता २२ गेजच्या एनॅमल तारेचे १०० वेढे, रिंगभर सारखे पसरून. एका वेढ्याला सुमारे साडेसहा सेंटीमीटर लागतात, म्हणून साडेसात मीटर तार तोडून घ्या. त्यावर टेपचा एक थर आणि ३० गेजचे आणखी १०० वेढे. पहिली गुंडाळी चुंबकीकरणाची, दुसरी मोजणीची. रिंग पकडायला छिद्रातून जाणारी लोखंडी किंवा पितळी पट्टी बंद कडं करून लावू नका. तो एका वेढ्याचा शॉर्ट झालेला सेकंडरी होतो, पट्टी तापते आणि लूप फुगलेला दिसतो.

जोडणी

वीज डिमरस्टॅटमधून २३० ते १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या साध्या ट्रान्सफॉर्मरला द्या आणि त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूने पहिली गुंडाळी चालवा. मधला ट्रान्सफॉर्मर वगळायचा नाही. डिमरस्टॅट ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं आउटपुट लाइनपासून सुटं नसतं. स्कोपच्या प्रोबचं ग्राउंड मात्र अर्थिंगला जोडलेलं असतं, म्हणजे थेट जोडलं तर स्फोटच. पंख्याचा किंवा दिव्याचा इलेक्ट्रॉनिक डिमर इथे चालत नाही, तो लाटेचे तुकडे करतो. डिमरस्टॅट नसेल तर ६-०-६ चा ट्रान्सफॉर्मर घेऊन फक्त ६ व्होल्टचा टॅप वापरा. लूप एकाच मापाचा मिळेल, पण मिळेल.

पहिल्या गुंडाळीच्या ग्राउंडकडच्या टोकाला १ ओहम, ५ वॅटचा रोधक सिरीजमध्ये. त्यावरचा व्होल्टेज म्हणजे थेट प्रवाह, आणि प्रवाह म्हणजे एच. हा एक्स चॅनेलला.

दुसऱ्या गुंडाळीत येणारा व्होल्टेज बी किती वेगाने बदलतो ते सांगतो, खुद्द बी सांगत नाही. म्हणून त्याचं इंटिग्रेशन करावं लागतं: १०० किलोओहमचा रोधक सिरीजमध्ये आणि त्यापुढे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ग्राउंडला. कपॅसिटरवरचा व्होल्टेज वाय चॅनेलला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावू नका. त्याची किंमत वीस-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असते आणि उलटा व्होल्टेज त्याला सोसत नाही. दुसऱ्या गुंडाळीचं एक टोक, कपॅसिटरचं खालचं टोक, रोधकाचं खालचं टोक आणि दोन्ही प्रोबची ग्राउंड हे सगळं एकाच बिंदूवर.

```
H = N1 × Vx / (Rs × l)
  = 100 × Vx / (1 × 0.157)    = 637 × Vx   A/m

B = R × C × Vy / (N2 × A)
  = 0.1 × Vy / (100 × 0.00019) = 5.26 × Vy  T
```

स्कोप एक्स-वाय मोडवर, दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर. एसी कपलिंग ५० हर्ट्झला थोडासा फेज सरकवतं आणि अरुंद लूपमध्ये तेवढंही खुपतं. एक्स ५० मिलिव्होल्ट प्रति घर, वाय १०० मिलिव्होल्ट प्रति घर ठेवा. म्हणजे आडवं एक घर ३२ अँपिअर/मीटर आणि उभं एक घर ०.५३ टेस्ला.

लूप काढणं

डिमरस्टॅट शून्यावरून हळूहळू वाढवा. आधी तिरका, बारीक लंबवर्तुळ दिसेल. हा लहान लूप आहे, यावरून रिटेंटिव्हिटी वाचायची नाही. वाढवत गेलात की बाजू उभ्या होतात आणि टोकं आडवी लांबायला लागतात. टोकं लांबली पण उंची वाढेना, म्हणजे संपृक्तता आली. तिथून पुढे प्रवाह झपाट्याने चढतो, म्हणून टोकं स्क्रीनबाहेर जाईपर्यंत ओढत बसू नका.

मोजणीच्या गुंडाळीवर मल्टिमीटरही लावून ठेवा. त्याचं वाचन ६.४५ व्होल्ट आलं तर ‘व्होल्टेज = ४.४४ × वारंवारता × वेढे × छेद × बी’ या सूत्राने बी १.५३ टेस्ला येतं, आणि स्कोपवरही साधारण तेवढंच यायला हवं. दोन्हीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर वेढे मोजताना चूक झाली आहे किंवा कपॅसिटरची किंमत बरोबर नाही. गंमत म्हणजे या कामाला स्वस्तातला, सरासरी मोजणारा मल्टिमीटर महागड्या ट्रू-आरएमएसपेक्षा बरा. लाट वाकडी झाली तरी बीचं शिखर सरासरी व्होल्टेजवरच ठरतं.

समजा चांगल्या सीआरजीओ रिंगवर असं चित्र आलं: वरचं टोक मध्यरेषेपासून २.९ घरं वर, एक्स शून्य असताना लूप २.५ घरांवर, वाय शून्य असताना ०.८ घरावर. मग बीचं कमाल मूल्य १.५३ टेस्ला, रिटेंटिव्हिटी १.३२ टेस्ला, कोअर्सिव्हिटी सुमारे २५ अँपिअर/मीटर. लूपच्या आतली घरं मोजा, कडेची अर्धी घरं जोडून एक धरा. आठ भरली असं धरू. एका घराचं मोल ३१.८ गुणिले ०.५२६, म्हणजे १६.७ ज्यूल प्रति घनमीटर.

```
8 × 16.7     = 134 J/m³  (एका फेरीत)
134 × 50     = 6700 W/m³
6700 / 7650  = 0.88 W/kg
```

७६५० ही सिलिकॉन पोलादाची घनता, किलो प्रति घनमीटर. दीड टेस्लाला ०.९ वॅट प्रति किलोच्या आसपासचा आकडा चांगल्या सीआरजीओला शोभणारा आहे. दोन-तीन वॅट आले तर भंगारातला कोअर ठोकलेला आहे किंवा पट्टी सीआरजीओ नाही. एक लक्षात ठेवा, हा ५० हर्ट्झचा लूप आहे. यात एडी करंटचाही वाटा मिसळलेला असतो, त्यामुळे तो फुगतो. पदार्थाची स्वतःची, अगदी सावकाश मोजलेली कोअर्सिव्हिटी याहून बरीच कमी असते.

बंद करताना स्विच खटकन पाडू नका, डिमरस्टॅट सावकाश शून्यावर आणा. लूप लहान लहान होत मध्यबिंदूत विरतो आणि कोअरमधलं चुंबकत्व जातं.

चित्र बिघडलं तर

लूप डावीकडून उजवीकडे उतरताना दिसला तर मोजणीच्या गुंडाळीची टोकं उलटी आहेत, अदलाबदल करा. दोन्ही टोकांशी रेषा एकमेकींना छेदून छोटे फास तयार झाले तर इंटिग्रेटर फेज चुकवतोय. १०० किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रोधक बसला असेल तर हमखास असंच होतं, कारण मग कपॅसिटरचा विरोध रोधकापुढे नगण्य राहत नाही. डिमरस्टॅट पूर्ण फिरवूनही नुसतंच लंबवर्तुळ दिसत असेल तर कोअर संपृक्ततेपर्यंत पोचतच नाही: वेढे जास्त झालेत, किंवा कोअरमध्ये कुठेतरी फट आहे.

फटीचा हा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे, कारण सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

०.१ मिलिमीटरची फट

समजा तीच रिंग एका जागी कापली आणि कापाच्या जागी ०.१ मिमी हवा राहिली, वहीच्या एका कागदाएवढी. हवेतून १.५ टेस्ला न्यायला १२ लाख अँपिअर/मीटर लागतात. फट इवलीशीच असल्याने प्रत्यक्षात १२० अँपिअर-वेढे पुरतात, पण ते रिंगच्या सगळ्या लांबीवर वाटले तर एचमध्ये ७६० ची भर पडते. बंद रिंगला दीड टेस्लासाठी ८०-१०० पुरत होते. स्क्रीनवर लूप उजवीकडे झुकून आडवा पडतो.

आता प्रवाह शून्य असतानाची स्थिती बघा. गुंडाळीतून काहीच येत नाही, पण फटीतल्या क्षेत्राला कोणीतरी जोर पुरवायलाच हवा. तो लोखंड स्वतःच्या विरुद्ध एच सोसून पुरवतं, आणि ते जास्तीत जास्त कोअर्सिव्हिटीएवढं, म्हणजे २५ अँपिअर/मीटर सोसू शकतं. हिशेब केला तर उरलेलं बी जेमतेम ०.०५ टेस्ला येतं. बंद रिंगमध्ये १.३२ होतं. पदार्थ तोच, त्याची कोअर्सिव्हिटीही तीच, पण कागदाएवढ्या फटीने रिटेंटिव्हिटी हातातून गेली.

म्हणून ईआय पट्ट्यांच्या कोअरवर मोजलेली ‘रिटेंटिव्हिटी’ पट्ट्या कशा बसवल्यात त्याची असते, पोलादाची नव्हे. आणि म्हणूनच ट्रान्सफॉर्मरची सरळ पट्टी टाचणी उचलत नाही: तिच्या दोन टोकांमधली सगळी हवा ही फटच आहे. मऊ लोखंडाची रिटेंटिव्हिटी कडक पोलादापेक्षा कमी नसते, बहुधा जास्तच असते. कमी असते ती कोअर्सिव्हिटी.

कायम चुंबक निवडताना

चुंबकाचं कामच मुळी हवेत क्षेत्र पुरवणं, म्हणजे फट ठरलेलीच. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारायचा: हवेच्या मानाने चुंबक केवढा लांब आहे? तुमच्या या जोडणीवर कायम चुंबकांचे लूप येणार नाहीत. फेराइट चुंबकाची कोअर्सिव्हिटी अडीच लाख अँपिअर/मीटर असते, आपल्या गुंडाळीतून त्याला सुमारे ३९० अँपिअर लागतील. इथे डेटाशीटमधला दुसऱ्या चतुर्थांशाचा वक्र वापरायचा.

एक सोपी कसोटी घेऊ. चुंबकाची लांबी आणि हवेच्या फटीची लांबी सारखी, छेद सारखा, गळती सोडून देऊ. अल्निको ५ ची रिटेंटिव्हिटी १.२५ टेस्ला आणि कोअर्सिव्हिटी सुमारे ५० हजार. तो या मांडणीत ०.०६ टेस्लाच्या वर जाऊच शकत नाही. साधं कठीण फेराइट, रिटेंटिव्हिटी फक्त ०.४, तरी ०.१९ च्या पुढे देतं. एन३५ दर्जाचं निओडायमियम १.२ वरून ०.५८ वर येतं. म्हणजे आखूड, चपट्या आकारात अल्निको फेराइटच्याही मागे. लांब कांडी किंवा नालेच्या आकारात मात्र तोच अल्निको उत्तम चालतो, आणि गरम जागी तर त्याला तोड नाही. फक्त तो जोडणी झाल्यावर चुंबकित करतात. नंतर सुटा केला की फट वाढते, कार्यबिंदू वक्राच्या गुडघ्याखाली, म्हणजे वक्र जिथे एकदम खाली वाकतो त्याच्या खाली घसरतो आणि परत जोडला तरी पहिली ताकद येत नाही. शाळेतले पट्टीचुंबक जोडीने, टोकांना लोखंडाचे तुकडे लावून ठेवायचे ते याच कारणाने.

निओडायमियममध्ये सापळा तापमानाचा. वरच्याच मांडणीत तो स्वतःवर सुमारे ४ लाख ६५ हजार अँपिअर/मीटरचं उलटं क्षेत्र झेलतोय. एन३५ ची आंतरिक कोअर्सिव्हिटी, म्हणजे बी नव्हे तर पदार्थाचं स्वतःचं चुंबकत्व शून्यावर आणणारं उलटं एच, २० अंशांना किमान ९ लाख ५५ हजार, म्हणजे निम्म्याहून अधिक शिल्लक आहे असं वाटतं. पण ती दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्याने घटते. मोटारीजवळ १०० अंश झाले की ५ लाखांपर्यंत उतरते. उलटं क्षेत्र तोवर ४ लाख २० हजारांवर आलेलं असतं, म्हणजे गुडघा अगदी शेजारी. त्यात मोटारीच्या गुंडाळीचं उलटं क्षेत्र पडलं की चुंबक कायमचा कमजोर होतो. साध्या एन दर्जाची मर्यादा ८० अंश धरतात. इथे एच दर्जा घ्यावा, तो १२० पर्यंत चालतो. एसएच १५० पर्यंत. ३५ आणि ५२ या आकड्यांच्या मागे लागून शेवटचं अक्षर न पाहणं, ही खरेदीतली नेहमीची चूक. फेराइटचं वागणं बरोबर उलटं: थंडीत त्याची कोअर्सिव्हिटी कमी होते, म्हणून शीतगृहातल्या पातळ फेराइट चुंबकाची काळजी करावी, भट्टीजवळच्याची कमी.

कोअर निवडताना

ट्रान्सफॉर्मरला लूपचं क्षेत्रफळ कमी हवं, म्हणजे कोअर्सिव्हिटी कमी. ५० हर्ट्झला सीआरजीओ, पण त्याचा गुण फक्त लाटण्याच्या दिशेतच असतो. चुंबकीय मार्ग त्या दिशेनेच जाईल असा आकार हवा, म्हणून तो टोरॉइडमध्ये खुलतो. मोटारीत क्षेत्राची दिशा फिरत राहते, तिथे सगळ्या दिशांना जवळपास सारखं वागणारं सीआरएनजीओ. भोसरीकडच्या कारखान्यांत कापलेल्या पट्ट्या, म्हणजे स्टॅम्पिंग मागताना जाडी आणि दीड टेस्लाला वॅट प्रति किलो, दोन्ही विचारा. नुसतं ‘सीआरजीओ’ या शब्दावर जाऊ नका.

वारंवारता वाढली की हिस्टेरेसिसचा तोटा तिच्या प्रमाणात वाढतो आणि एडी करंटचा तिच्या वर्गाच्या. म्हणून एसएमपीएसमध्ये ५०-१०० किलोहर्ट्झला मँगनीज-झिंक फेराइट लागतं, त्याचा विद्युत रोध प्रचंड. मग तेच ५० हर्ट्झला का नको? ते ०.४ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं. ०.३ टेस्लापर्यंतच चालवायचं ठरवलं तर आपल्याच मापाची फेराइट रिंग १०० वेढ्यांवर जेमतेम १.३ व्होल्ट पेलेल. सीआरजीओ साडेसहा पेलत होती.

टोरॉइडची ती १.३२ टेस्लाची रिटेंटिव्हिटी ट्रान्सफॉर्मरला कामाची तर नाहीच, उलट उपद्रवी आहे. वीज नेमकी व्होल्टेज शून्य असताना परत आली आणि उरलेलं बी त्याच दिशेला असलं, तर कोअर पहिल्या अर्ध्या फेरीतच संपृक्ततेच्या फार पुढे ढकलला जातो आणि प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट होतो. मोठा टोरॉइड असलेल्या अँप्लिफायरने एमसीबी कधी पडतो, कधी नाही, त्याचं कारण हे. प्रायमरीत थंडपणी ५-१० ओहमचा एनटीसी थर्मिस्टर टाका, किंवा रोधक टाकून तो अर्ध्या सेकंदाने रिलेने बायपास करा. थर्मिस्टर घेतलात तर वीज जाऊन लगेच आली की तो अजून गरमच असतो आणि संरक्षण मिळत नाही. अशा ठिकाणी रिलेच लावावा.